वंशाचा फरक की वर्षाचा?

२००७ साली ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकात रिचर्ड स्पीलमन, व्हिव्हियन चंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. युरोपीय वंशाच्या आणि पूर्व आशियाई वंशाच्या माणसांच्या पेशींमध्ये जनुकं किती वेगवेगळ्या प्रमाणात काम करतात, हा त्याचा विषय होता. तपासलेल्या ४,१९७ जनुकांपैकी १,०९७ जनुकांच्या बाबतीत, म्हणजे सुमारे २६ टक्के जनुकांत, दोन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक असल्याचा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात जोशुआ एकी, शमीक बिस्वास, जेफ्री लीक आणि जॉन स्टोरी यांनी आक्षेप नोंदवला. त्यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली, तर फरक असलेल्या जनुकांचा अंदाज ७८ टक्क्यांवर गेला. आकडा वाढला म्हणजे मूळ दाव्याला बळकटी मिळाली, असं वाटेल. पण त्यांचं म्हणणं नेमकं उलट होतं. इतकी जनुकं एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर ते बोट वंशाकडे आहे की आणखी कशाकडे, हे आधी पाहायला हवं. त्यांनी नमुने प्रयोगशाळेत कधी हाताळले गेले त्या तारखा काढल्या आणि उत्तर तिथेच सापडलं.

आधी मोजलं काय होतं ते पाहू. आपल्या प्रत्येक पेशीत बहुतेक सगळी जनुकं असतात, पण ती सारख्या जोमाने काम करत नाहीत. एखादं जनुक कामाला लागलं की त्याच्या आरएनए प्रती तयार होतात. त्या प्रती किती आहेत हे मोजलं की त्या जनुकाची अभिव्यक्ती कळते. या अभ्यासात रक्तातल्या बी-पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी वापरल्या होत्या आणि मोजणी मायक्रोॲरेवर केली होती. मायक्रोॲरे म्हणजे बोटाच्या पेराएवढी काचेची चकती. तिच्यावर ठरावीक जागी डीएनएचे तुकडे चिकटवलेले असतात. नमुन्यातला आरएनए रासायनिक खूण लावून तिच्यावर सोडला की जुळणारे तुकडे जोडी धरतात आणि स्कॅनरखाली प्रत्येक जागा कमी-अधिक उजळते. त्या उजेडाचा आकडा म्हणजे त्या जनुकाचं माप.

या मापात जनुकाखेरीज पुष्कळ काही मिसळलेलं असतं. आरएनए वेगळा करायला कुणाचा हात होता, रसायनांचा संच कोणत्या लॉटचा होता, चकत्या धुताना तापमान किती होतं, स्कॅनरची त्या महिन्यात कशी जुळणी केली होती, या सगळ्याचा उजेडावर परिणाम होतो. एका प्रकारच्या मायक्रोॲरेमध्ये वापरला जाणारा लाल रंगद्रव्याचा रेणू तर हवेतल्या ओझोननेही विरतो. त्यामुळे ज्या दिवशी ओझोन जास्त, त्या दिवशीचे आकडे वेगळे येतात. एकत्र हाताळलेल्या नमुन्यांच्या गटाला प्रयोगशाळेत बॅच म्हणतात आणि केवळ बॅच वेगळी असल्यामुळे आकड्यांत पडणाऱ्या फरकाला बॅच इफेक्ट. हा यादृच्छिक गोंधळ असता तर नमुने वाढवून तो पुसून निघाला असता. पण एका बॅचमधले सगळे नमुने एकाच बाजूला सरकतात, म्हणून नमुने कितीही वाढवले तरी तो तसाच राहतो. उलट नमुने जितके जास्त, तितका हा खोटा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर जास्त पक्का दिसतो.

स्पीलमन यांच्या अभ्यासाची आकडेवारी `GSE5859` या क्रमांकाखाली सार्वजनिक भांडारात आहे, आणि संख्याशास्त्राच्या वर्गांमध्ये ती आजही उदाहरण म्हणून वापरली जाते. तिच्यात २०८ नमुने आहेत. युरोपीय वंशाचे १०२, चिनी-जपानी मिळून ८२ आणि लॉस एंजेलिसमधल्या हान चिनी लोकांचे २४. आता हे नमुने वर्षांप्रमाणे मांडून पाहा. २००२ मध्ये ३२ नमुने मोजले, सगळे युरोपीय. २००३ मध्ये ५४, सगळे युरोपीय. २००४ मध्ये १३, तेही युरोपीयच. २००५ मध्ये ८० आशियाई आणि फक्त ३ युरोपीय. २००६ मध्ये २ आशियाई आणि हान चिनी गटाचे सगळे २४. म्हणजे २००५ मधले ते तीन नमुने सोडले, तर ‘युरोपीय’ म्हणणं आणि ‘२००४ पर्यंत मोजलेला’ म्हणणं एकच झालं. दोन गटांत दिसलेला फरक वंशामुळे आहे की चार वर्षांत बदललेल्या रसायनांमुळे, हे या मांडणीतून सांगता येत नाही. संशोधनात अशी वेळ येण्यामागे बहुधा निष्काळजीपणा नसतो. एका गटाची मापं आधीच्या कामातून हाताशी असतात, दुसऱ्या गटाची नंतर घेतली जातात, आणि महागडी मोजणी दोनदा करायला कुणाकडे पैसे नसतात.

असा घोटाळा ओळखायचं नेहमीचं साधन म्हणजे प्रमुख घटकांचा आलेख, ज्याला संशोधक पीसीए प्लॉट म्हणतात. इथे प्रत्येक नमुन्याची आठ हजारांहून अधिक मापं आहेत. आठ हजार अक्षांच्या अवकाशात प्रत्येक नमुना एक ठिपका आहे असं समजा. ते अवकाश आपल्याला दिसणार नाही. पण आकाशातल्या पक्ष्यांच्या थव्याची सावली जशी जमिनीवर पडते, तशी या ठिपक्यांची सावली कागदावर पाडता येते. सावली कोणत्या कोनातून पाडायची, हा प्रश्न उरतो. प्रमुख घटक पद्धत असा कोन निवडते, की ठिपके जास्तीत जास्त पसरलेले दिसावेत. ज्या दिशेला सर्वाधिक पसारा आहे तो पहिला अक्ष, त्याला काटकोनात उरलेल्या पसाऱ्यातली सर्वांत मोठी दिशा तो दुसरा, आणि असंच पुढे. कोणता नमुना कोणत्या गटातला, कोणत्या तारखेचा, हे या पद्धतीला सांगितलेलंच नसतं, आणि हीच तिची ताकद आहे. आकड्यांत सर्वांत मोठा फरक कोणता आहे, तो ती आपल्या अपेक्षांकडे न बघता दाखवते.

`GSE5859` चा असा आलेख काढून ठिपक्यांना वंशाप्रमाणे रंग दिले, की युरोपीय आणि आशियाई ठिपके बऱ्यापैकी वेगळे दिसतात. इथे थांबलं तर शोध लागल्यासारखं वाटतं. आता ठिपके तिथेच ठेवून रंग बदला, वंशाऐवजी मोजणीच्या वर्षाप्रमाणे द्या. चित्र जवळजवळ तेच राहतं. दोन वेगळ्या स्पष्टीकरणांनी एकच चित्र रंगत असेल, तर त्या चित्रावरून दोघांतलं एक निवडता येत नाही. म्हणून तिसरी पायरी करावी लागते, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी पायरी तीच आहे. आशियाई नमुने पूर्ण बाजूला ठेवायचे आणि फक्त युरोपीय नमुने घ्यायचे. आता वंशाचा फरक शिल्लकच नाही. तरीही हे नमुने एकसंध राहत नाहीत. वर्षाप्रमाणे रंगवले की २००२ चे आणि २००३ चे ठिपके वेगळे होऊ पाहतात. एकाच वंशाच्या या दोन वर्षांची तुलना केली, तर हजारो जनुकांत ‘लक्षणीय’ फरक निघतो. एका वर्षात युटामधल्या माणसांची हजारो जनुकं बदलत नाहीत, बदलली ती मोजणी.

आलेख वाचताना डोळ्यांवर सगळा भरवसा टाकू नये. प्रत्येक अक्षावर एकूण पसाऱ्याचा किती टक्के भाग आहे हे लिहिलेलं असतं, ते आधी पाहावं. पहिल्या अक्षावर ४० टक्के असतील आणि तो अक्ष तारखेबरोबर हलत असेल, तर प्रकरण गंभीर आहे. तीच गोष्ट दोन टक्क्यांच्या अक्षावर दिसली तर तितकी नाही. दुसरं, पहिले दोनच अक्ष पाहून थांबू नये. बॅचचा परिणाम काही वेळा तिसऱ्या-चौथ्या अक्षावर असतो, कारण पहिले दोन अक्ष ऊतींमधल्या किंवा स्त्री-पुरुषांमधल्या खऱ्या फरकाने व्यापलेले असतात. म्हणून पहिल्या आठ-दहा अक्षांवरची प्रत्येक नमुन्याची जागा घेऊन ती महिन्याप्रमाणे, किटच्या लॉटप्रमाणे, हाताळणाऱ्या माणसाप्रमाणे मांडतात आणि प्रत्येक अक्षाचा किती भाग या नोंदींनी उलगडतो ते मोजतात. तिसरं, दोन पुंजके दिसले म्हणजे बॅचच असेल असंही नाही. काही रक्तनमुन्यांत पांढऱ्या पेशींचं प्रमाण वेगळं असलं तरी पुंजके पडतात. आणि आलेखात काही दिसलं नाही म्हणून बॅचचा परिणाम नाहीच, असंही ठरत नाही. तो दोन-तीनशे जनुकांपुरता असेल तर हजारो जनुकांच्या पसाऱ्यात बुडून जातो, पण नेमकी तीच जनुकं तुमच्या यादीत येऊ शकतात.

परिणाम सापडला की तो काढायचा कसा? एकच काल्पनिक जनुक घेऊन हिशेब करू. मापं लॉग-२ पट्टीवर आहेत, म्हणजे एक अंक वाढला की प्रमाण दुप्पट. दहा निरोगी आणि दहा रुग्ण आहेत. पहिल्या बॅचमध्ये ८ निरोगी आणि २ रुग्ण मोजले. निरोगींची सरासरी ६, रुग्णांची ६.५ आली. दुसऱ्या बॅचमध्ये २ निरोगी आणि ८ रुग्ण. निरोगींची सरासरी ७, रुग्णांची ७.५. दोन्ही बॅचमध्ये आजाराचा फरक अर्धा अंक आहे, आणि दुसरी बॅच सरसकट एका अंकाने वर आहे. बॅचकडे दुर्लक्ष करून सगळे निरोगी एकत्र केले तर सरासरी ६.२ येते, रुग्णांची ७.३. फरक १.१. अर्ध्या अंकाचा फरक दुपटीहून जास्त फुगला, कारण बहुतेक रुग्ण वरच्या बॅचमध्ये होते.

इथे सहज सुचणारा उपाय म्हणजे प्रत्येक बॅचमधून त्या बॅचची सरासरी वजा करणं. करून पाहू. पहिल्या बॅचची एकूण सरासरी ६.१, दुसरीची ७.४. त्या वजा केल्यावर पहिल्या बॅचमधले निरोगी उणे ०.१ वर आणि रुग्ण ०.४ वर येतात. दुसरीतले निरोगी उणे ०.४ वर, रुग्ण ०.१ वर. आता सगळ्यांची पुन्हा सरासरी काढली तर निरोगी उणे ०.१६, रुग्ण ०.१६, फरक ०.३२. आधी फुगला होता, आता आकसला. कारण दुसऱ्या बॅचची सरासरी वर होती त्यातला काही भाग खरोखरच्या आजाराचा होता, तिथे रुग्ण जास्त होते, आणि तो भागही आपण बॅचच्या नावाखाली फेकून दिला.

बरोबर उत्तर मिळवायला दोन्ही गोष्टींचा अंदाज एकाच वेळी करावा लागतो. जनुकाचं माप म्हणजे मूळ पातळी, अधिक आजाराचा वाटा, अधिक बॅचचा वाटा, असं समीकरण मांडायचं आणि सगळे वाटे एकत्र सोडवायचे. असं केलं की तुलना आपोआप प्रत्येक बॅचच्या आत होते आणि उत्तर अर्धा अंक येतं. आर या संगणकभाषेतल्या लिम्मासारख्या प्रचलित साधनांमध्ये हे करायला फक्त इतकं लिहावं लागतं:

```r
design <- model.matrix(~ batch + group)
fit <- eBayes(lmFit(expr, design))
```

दुसरी प्रसिद्ध पद्धत कॉम्बॅट. डब्ल्यू. इव्हान जॉन्सन, चेंग ली आणि एरियल राबिनोविच यांनी ती २००७ मध्येच मांडली. एका बॅचमध्ये पाच-सहाच नमुने असले तर एकेका जनुकासाठी त्या बॅचचा वाटा किती, हा अंदाज फार डळमळीत येतो. कॉम्बॅट हजारो जनुकांचे अंदाज एकत्र पाहते आणि टोकाचा अंदाज इतरांच्या सरासरीकडे थोडा ओढून घेते. सरासरी वर-खाली सरकण्याबरोबरच एखाद्या बॅचमध्ये आकड्यांचा पसारा जास्त असेल तर तोही ती सावरते. लहान बॅचसाठी हे खरोखर मोलाचं आहे. पण तिच्यातून आकड्यांचा एक नवा, ‘स्वच्छ’ तक्ता बाहेर पडतो आणि धोका तिथेच असतो. पुढे तो तक्ता वापरणारा माणूस तो थेट प्रयोगातून आला असं धरून चालतो. नॉर्वेतल्या वेगार्ड न्यूगार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं, की गट आणि बॅच असमान वाटलेले असतील तर अशा दोन टप्प्यांच्या दुरुस्तीनंतर निष्कर्ष असायला हवेत त्याहून पक्के वाटू लागतात. म्हणून चाचणीसाठी मूळ आकडे आणि समीकरणात बॅच, आणि आलेख काढण्यापुरता स्वच्छ तक्ता, ही विभागणी मला सर्वांत सुरक्षित वाटते. लिम्मातलं `removeBatchEffect` हे फंक्शनही त्याच कामापुरतं वापरावं. दुरुस्तीनंतर प्रमुख घटकांचा आलेख पुन्हा काढायचा असतो. बॅचचे रंग आता एकमेकांत मिसळले का, आणि ज्या जनुकांचा फरक आधीपासून पक्का माहीत आहे, उदाहरणार्थ स्त्रियांमध्ये सक्रिय असलेलं `XIST` किंवा वाय गुणसूत्रावरची जनुकं, त्यांचा फरक जागेवर राहिला का, हे दोन्ही पाहायचं. पहिलं झालं आणि दुसरं बिघडलं तर दुरुस्ती जास्त झाली.

या पद्धती कुठपर्यंत पोहोचतात हे उंदरांच्या एका प्रकरणात चांगलं दिसलं. २०१४ मध्ये माणूस आणि उंदीर यांच्या १३ ऊतींची तुलना प्रसिद्ध झाली. माणसाचं हृदय उंदराच्या हृदयाच्या जवळ असण्याऐवजी माणसाच्याच इतर अवयवांच्या जवळ दिसतं, असा तिचा निष्कर्ष होता. शिकागो विद्यापीठातले योआव गिलाड आणि ओर्ना मिझराही-मॅन यांनी २०१५ मध्ये मूळ फाइली उघडल्या. आरएनएचा क्रम वाचणारं यंत्र प्रत्येक तुकड्याच्या नावातच यंत्राचा, फेरीचा आणि लेनचा क्रमांक लिहून ठेवतं. ती नावं जोडत गेल्यावर पाच बॅच निघाल्या, आणि त्यांपैकी एकाच बॅचमध्ये माणूस व उंदीर दोघांचे नमुने होते. बॅचचा वाटा हिशेबात घेतल्यावर ऊती अवयवांप्रमाणे जमू लागल्या. मूळ संशोधकांना हे पटलं नाही. बॅच आणि प्राणी इतके गुंतलेले असताना दुरुस्तीने खरा फरकही पुसला जाऊ शकतो, आणि हा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या नाकारता येत नाही. तो एक मिश्र गट होता म्हणून निदान वाद घालण्यापुरतं काही हाती होतं.

स्पीलमन यांच्या आकडेवारीत तेवढंही नव्हतं. समीकरणात वंश आणि वर्ष दोन्ही घातले, तर त्यांना वेगळं करणारी माहिती फक्त २००५ मधल्या त्या तीन युरोपीय नमुन्यांकडून येते. आणि तीन नमुन्यांवर हजारो जनुकांचा निवाडा टेकवता येत नाही. ते तीनही नसते तर समीकरणाला एकमेव उत्तरच उरलं नसतं. सगळा फरक वंशाचा म्हणा किंवा सगळा वर्षाचा, दोन्ही सारखेच बसतात. यात आणखी एक गुंता आहे. युरोपीय वंशाच्या या पेशी-वाणांपैकी बरेचसे १९८० च्या दशकात तयार झाले होते, आशियाई वाण पुष्कळ नंतरचे. म्हणजे सगळे नमुने एकाच दिवशी मोजले असते तरी पेशींच्या वयाचा फरक राहिलाच असता. बॅच माहीत नसेल तर आकड्यांतूनच दडलेले घटक शोधणारी एसव्हीए नावाची पद्धत लीक आणि स्टोरी यांनी त्याच सुमारास मांडली होती, पण अशा मांडणीत तिचाही उपयोग नाही. दडलेला घटक आणि आपल्याला हवा असलेला फरक एकच होऊन बसले, की ती कशाला घटक म्हणणार?

म्हणून खरं काम नमुने प्लेटमध्ये भरण्याआधी होतं. ९६ खळग्यांच्या प्रत्येक प्लेटमध्ये दोन्ही गटांचे नमुने सारख्या प्रमाणात आणि चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या जागी ठेवायचे. एकाच बाटलीतल्या आरएनएचा एक ठरलेला नमुना प्रत्येक प्लेटमध्ये भरायचा, म्हणजे प्लेटमागून प्लेट किती सरकली ते थेट मोजता येतं. तारीख, लॉट क्रमांक आणि हाताळणाऱ्याचं नाव तक्त्यात लिहायचं आणि आकडेवारीबरोबर प्रसिद्ध करायचं. ही शेवटची गोष्ट मला सक्तीची असावी असं वाटतं. या प्रकरणात स्कॅनरने फाइलमध्ये तारीख नोंदवून ठेवली नसती, तर आक्षेप घ्यायलाही जागा उरली नसती.

स्पीलमन आणि चंग यांनी आक्षेपाला उत्तर दिलं, आणि त्यातला एक धागा दुर्लक्षिण्यासारखा नाही. त्यांनी फक्त अभिव्यक्तीची तुलना केली नव्हती. काही जनुकांच्या बाबतीत डीएनएमधला कोणता बदल त्या फरकाला कारण आहे हेही शोधलं होतं. `UGT2B17` हे त्यातलं एक. पुरुष संप्रेरकांची विल्हेवाट लावण्यात त्याचा हात असतो. पूर्व आशियाई लोकांपैकी बहुसंख्यांमध्ये या जनुकाच्या दोन्ही प्रती गुणसूत्रावरून गळालेल्या असतात, युरोपीय लोकांमध्ये हे प्रमाण बरंच कमी आहे. जे जनुक पेशीत नाहीच त्याचा आरएनए कोणत्याही वर्षी, कोणत्याही चकतीवर उजळणार नाही, आणि ते नाही हे डीएनएच्या वेगळ्या चाचणीने तपासता येतं. १,०९७ जनुकांच्या यादीतून बॅचच्या संशयाबाहेर निघतात ती अशी, डीएनएकडून स्वतंत्र पुरावा मिळालेली थोडी जनुकं. बाकीच्यांबद्दल या २०८ नमुन्यांवरून काहीच ठरवता येत नाही.